नव्या टीमला पहिला मेल: नम्रपणा कुठे ठेवायचा आणि ठामपणा कुठे

गेल्या जानेवारीत माझी भाची हिंजवडीत एका नव्या टीमवर रुजू झाली. काम गाड्यांच्या ब्रेक कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, तिच्या पाठीशी सहा वर्षांचा अनुभव. टीम बारा जणांची: मॅनेजर धरून चौघं जर्मनीत श्टुटगार्टला, चौघं इथेच पुण्यात, दोघं जपानमध्ये नागोयाला आणि दोघं अमेरिकेत मिशिगनला. रुजू व्हायच्या आदल्या रविवारी रात्री तिने ओळखीच्या मेलचा मसुदा मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, एकदा बघशील का? अर्धा मेल फुशारकीचा वाटतोय आणि अर्धा भीक मागितल्यासारखा."

तिचं निदान अगदी बरोबर होतं. मसुद्याचा पहिला परिच्छेद रेझ्युमेतून उचललेला होता: समृद्ध अनुभव, मेहनती, उत्तम टीम प्लेयर, कामाचा ध्यास. दुसरा परिच्छेद घरातल्या संस्कारांतून आलेला: माझं ज्ञान फार मर्यादित आहे, तुमच्यासारख्या अनुभवी लोकांसमोर मी लहान आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. वाहनांच्या क्षेत्रात टेस्टिंग करताना गेल्या अठरा वर्षांत मी असे मेल शेकड्याने वाचले आहेत, आणि पहिल्या नोकरीत मीही असाच लिहिला होता. अमेरिकेतल्या टीमला मी लिहिलं होतं की मला या विषयाचं फारच थोडं ज्ञान आहे. मला म्हणायचं होतं, "मी नवीन आहे, समजून घ्या." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं, आणि पहिले तीन महिने माझ्याकडे जुने टेस्ट रिपोर्ट फाइलला लावायचं काम आलं. त्यात कोणाचा आकस नव्हता. मीच सांगितलेल्या माहितीवर त्यांनी काम वाटलं होतं.

त्या रात्री आम्ही दोघींनी तो मेल पुन्हा कसा लिहिला, ते इथे क्रमाने सांगते. मेल अर्थातच इंग्रजीत गेला. पण काय म्हणायचं ते आम्ही मराठीत ठरवलं, म्हणून नमुनाही मराठीतच देते.

लिहायच्या आधी

पहिला प्रश्न मेलच्या मजकुराचा नसतोच. मॅनेजर आधी तुमची ओळख करून देणार आहे का, हे विचारून घ्या. एका ओळीचा निरोप पुरतो: "तुम्ही टीमला माझ्याबद्दल कळवणार आहात का, की मीच लिहू?" मॅनेजरचा मेल येणार असेल तर त्याच मेलला उत्तर म्हणून तुमची ओळख पाठवा. त्यात मोठी सोय आहे. तुमचं पद, तुम्हाला का घेतलं, कोणाच्या जागी घेतलं, हे सगळं वरच्या मेलमध्ये दुसऱ्याच्या तोंडून आलेलं असतं. आपल्या तोंडाने जे सांगायला जीभ अडते, त्यातलं निम्मं तिथेच होऊन जातं. नागोयाच्या वाचकासाठी तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे नवा माणूस कोणीतरी आणून भेटवलेला असणं ही नेहमीची रीत आहे.

दुसरं, या टीममधले जुने मेल वाचा. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी ग्रुपचे आधीचे मेल बहुधा दिसतात. माणसं एकमेकांना काय म्हणतात, खाली सही कशी करतात, ते बघा. श्टुटगार्टचा माणूस खाली नुसतं पहिलं नाव लिहीत असेल तर त्याला पहिल्या नावाने लिहिलेलं चालतं. सहीत डॉक्टर असेल आणि बाकीचेही त्याला तसंच लिहीत असतील, तर तुम्हीही तसंच लिहा. जर्मन भाषेत जवळिकीचं 'डू' आणि आदराचं 'झी' हा भेद आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'इतकाच जिवंत आहे, त्यामुळे इंग्रजी मेलमध्येही ती माणसं संबोधनाकडे लक्ष देतात. नागोयाच्या लोकांना आडनाव आणि पुढे 'सान'. हे 'सान' स्वतःच्या नावाला कधी लावायचं नसतं. त्यांचं आडनाव कोणतं आणि पहिलं नाव कोणतं हे मेलवरून कळत नसेल तर अंदाज करू नका, पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला विचारा. काही जपानी लोक इंग्रजी सहीत आडनाव कॅपिटल अक्षरांत लिहितात. तसं असेल तर प्रश्नच मिटला.

संबोधनात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' मात्र काढून टाका. बारा जणांमध्ये सर कोण आणि मॅडम कोण, असा प्रश्न पडतो, आणि समवयस्काला सर म्हटलं की त्याच्या मनात पहिलीच नोंद होते की या व्यक्तीला नाही म्हणता येणार नाही. 'हॅलो एव्हरीवन' किंवा 'डिअर ऑल' चारही ठिकाणी चालतं.

विषयाची ओळ आणि नाव

भाचीच्या मसुद्यात विषय होता 'ग्रीटिंग्ज'. असा मेल जाहिरातीतला समजून बाजूला पडतो. विषयात तीन गोष्टी हव्यात: ओळखीचा मेल आहे हे, नाव, आणि कोणत्या कामावर. "ओळख: अमुक, ब्रेक टेस्टिंग, पुणे." एवढं पुरे. सहा महिन्यांनी कोणाला तुमचा मेल शोधायचा असेल तरी तो सापडतो.

नावावर जरा थांबायला हवं, कारण आपल्या नावांचा बाहेरच्या माणसाला फार त्रास होतो आणि तो संकोचाने विचारत नाही. भाचीच्या नावात 'ज्ञ' आहे. आपण तो 'द्न्य' म्हणतो, म्हणून पासपोर्टवर Dnya असं स्पेलिंग. हिंदी भाषक सहकारी तेच 'ग्य' म्हणतात. आणि श्टुटगार्टचा माणूस नुसता डीपाशीच अडखळतो. त्यात कंपनीच्या सिस्टिमने तिचं नाव आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं दाखवलं होतं, म्हणजे तिला वडिलांच्या नावाने हाक जायची पूर्ण शक्यता. आम्ही एक ओळ घातली: मला अमुक म्हणा, उच्चार असा. ही फुशारकी नव्हे आणि लाडही नव्हेत. पहिल्या मीटिंगमध्ये समोरचा तुमचं नाव घ्यायला घाबरला तर तो तुम्हाला प्रश्नच विचारत नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचारतो.

सहीत सौ., कु. वगैरे लावू नका. पण नावावरून स्त्री की पुरुष हे परदेशी वाचकाला कळत नाही, आणि जर्मन किंवा जपानी माणसाला औपचारिक उत्तर लिहिताना ते कधीकधी हवं असतं. चालत असेल तर सहीत नावापुढे कंसात Ms. इतकंच लिहावं. भाचीने लिहिलं.

पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात विशेषण नको. मी कोण, कोणत्या कामावर, केव्हापासून, कुठून. जपानी ओळखीत माणूस आधी आपली कंपनी, विभाग सांगतो आणि मग नाव, त्यामुळे नागोयाच्या वाचकाला ही माहिती सुरुवातीलाच लागते. श्टुटगार्टच्या वाचकाला ती लागते कारण त्याला कोणतं काम कोणाकडे गेलं हे कळायला हवं. मिशिगनच्या वाचकाला पुढे वाचायचं की नाही हे याच वाक्यावर ठरवायचं असतं. एकाच वाक्याने तिघांचं भागतं, आणि त्यात नम्र व्हायची किंवा ठाम व्हायची काही गरजच पडत नाही.

'मायसेल्फ अमुक' असं लिहू नका. इंग्रजीत ते चूक आहे, आणि भारताबाहेरच्या वाचकाला पहिल्याच शब्दाला ठेच लागते.

ठामपणा: एकच काम, पण नीट सांगितलेलं

मेलचा गाभा हा, म्हणून इथे वेळ घालवा. आम्ही रविवार रात्रीतला जास्तीत जास्त वेळ या तीन वाक्यांवर घालवला.

मी तिला म्हटलं, "मेहनती, टीम प्लेयर हे सगळं खोड. त्याऐवजी तू केलेलं एक काम सांग."

"तेच तर नको वाटतंय गं. आपणच आपली टिमकी काय वाजवायची?"

टिमकी विशेषणांनी वाजते. "मी फार चांगली टेस्टर आहे" ही टिमकी. "अकरा तास लागणारा टेस्टचा रन सहा तासांवर आला" ही माहिती, आणि समोरच्याला ती पडताळून पाहता येते. स्वतःची स्तुती करणारा माणूस आपल्याइतकाच जर्मन लोकांनाही खटकतो. त्यांच्याकडे म्हणच आहे की स्वतःच्या स्तुतीला घाण वास येतो. पण केलेलं काम नेमक्या शब्दांत सांगणं त्यांच्या लेखी स्तुतीत मोडत नाही.

मग तिने सांगितलेलं काम असं. टेस्टिंगच्या बेंचवर खरा ब्रेक कंट्रोलर जोडलेला असतो आणि बाकीची गाडी, म्हणजे चाकं, इंजिन, रस्ता, हे सगळं कॉम्प्युटर खोटं खोटं उभं करतो. जुन्या ठिकाणी संध्याकाळी आठला लावलेला रन सकाळी सातला संपायचा. प्रत्येक टेस्टच्या आधी इग्निशन बंद करायचं, कंट्रोलर झोपेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा चालू करायचं, असा शिरस्ता होता. हिने लॉग वाचले आणि पाहिलं की बऱ्याच टेस्टना या बंद-चालूची गरजच नाही. सारख्या स्थितीतून सुरू होणाऱ्या टेस्ट तिने एका गटात आणल्या. रन रात्री दोनला संपायला लागला, त्यामुळे फेल झालेल्या टेस्ट सकाळी कामावर यायच्या आत पुन्हा लावता यायला लागल्या. तीन आठवडे तिने जुना आणि नवा रन दोन्ही चालवले आणि फेल होणाऱ्या टेस्टची यादी तीच येते ना, हे ताडून पाहिलं.

एवढं ऐकल्यावर मी विचारलं, "यातलं तुझं किती?" हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, कारण मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपण संकोचाने "आम्ही ते केलं" म्हणतो, किंवा त्याहून पुढे जाऊन "ते काम झालं" म्हणतो, जणू ते आपोआप झालं. घरच्या माणसाला त्यातलं आपलं श्रेय कळतं. परक्याला 'वी' वाचून कळत नाही की तुम्ही तिथे नेमकं काय करत होता. दुसरीकडे, सगळंच 'मी' म्हटलं तर नागोयाच्या वाचकाला प्रश्न पडतो की बाकीची टीम कुठे गेली, आणि श्टुटगार्टचा माणूस पहिल्या मीटिंगमध्ये इतकं बारीक विचारतो की खोटं उघडं पडतं. उपाय सोपा: आपला वाटा 'मी'ने सांगायचा आणि दुसऱ्याचा वाटा त्याच वाक्यात त्याच्या नावे टाकायचा. टेस्टचे गट आणि स्क्रिप्ट हिचे, बेंचवरचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, बदलला लॅबमधल्या सहकाऱ्याने. असं लिहिलं की नम्रपणा आणि ठामपणा दोन्ही एकाच ओळीत बसतात, आणि दोन्ही खरे असतात.

'वी'ची आणखी एक अडचण मराठीला ठाऊक आहे आणि इंग्रजीला नाही. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. इंग्रजीत दोन्हींना 'वी'. नव्या टीमला पहिल्याच मेलमध्ये "वी यूज्ड टू डू इट धिस वे" लिहिलं तर हे 'वी' म्हणजे जुनी कंपनी. त्याच मेलच्या शेवटी "वी विल मीट" म्हणजे नवी टीम. वाचक गोंधळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही अजून जुन्या घरात आहात असं त्याला वाटतं. म्हणून मेल लिहून झाल्यावर त्यातला प्रत्येक 'वी' काढून मराठीत 'आम्ही' की 'आपण' ते म्हणून बघा. 'आम्ही' निघाला तर तो बदलून 'माझ्या आधीच्या टीमने' असं लिहा.

एक मर्यादा पाळायचीच. जुन्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव, गाडीचं मॉडेल, न खपलेल्या किंवा बाजारात न आलेल्या उत्पादनाची माहिती, बेंचची अंतर्गत रचना, यातलं काही लिहू नका. गोपनीयतेच्या कराराचा प्रश्न तर आहेच. शिवाय वाचणाऱ्याला कळतं की उद्या ही व्यक्ती आपल्या गोष्टीही अशाच सांगेल. शंका असेल तर तासांचे आकडेसुद्धा गाळून "जवळजवळ निम्म्यावर आला" इतकंच लिहा.

नम्रपणा: त्याची जागा कुठली

आता मसुद्यातला दुसरा परिच्छेद. "माझं ज्ञान मर्यादित आहे, सांभाळून घ्या." मराठीत हे वाक्य खोटं नाही आणि लाचारही नाही. ती एक रीत आहे. कार्यक्रमाला आलेला गायकही म्हणतो, गोड मानून घ्या, आणि कोणी त्याचं गाणं वाईट आहे असं समजत नाही. जपानीत याच्या अगदी जवळचं वाक्य आहे: 'योरोशिकु ओनेगाइशिमासु'. ओळखीच्या शेवटी ते म्हणतातच, आणि त्याचा सूर आपल्या "सांभाळून घ्या, लोभ असू द्या"च्या फार जवळ जातो. म्हणजे नागोयाच्या वाचकाला आपला भाव कळतो. पण तेच इंग्रजीत गेलं की रीत गळून पडते आणि नुसता कबुलीजबाब उरतो. मिशिगनचा वाचक समजतो की हिला येत नाही. श्टुटगार्टचा वाचक समजतो की चुका होणार आहेत, आणि कोणत्या, हे मात्र हिने सांगितलेलं नाही.

म्हणून नम्रपणा काढून टाकायचा नाही, त्याला नेमकं करायचं. आम्ही दोन जागा ठरवल्या.

पहिली जागा: काय येत नाही ते नाव घेऊन सांगा आणि त्याचं काय करताय तेही सांगा. भाचीने आधी ज्या बेंचवर काम केलं होतं तो वेगळ्या बनावटीचा होता. तिने लिहिलं, इथल्या बेंचवर मी अजून काम केलेलं नाही, या आठवड्यात त्याची प्रशिक्षणाची कागदपत्रं वाचते आहे. यातून प्रामाणिकपणा दिसतो, आणि तिला चुकून उद्याच त्या बेंचवर एकटी बसवलं जात नाही. एकच उणीव लिहा. तीन लिहिल्या तर वाचक मोजायला लागतो.

दुसरी जागा: टीमने आधी केलेल्या कामाची दखल. तिने रुजू व्हायच्या आधी मिळालेलं टेस्टचं धोरण वाचलं होतं, आणि त्यातला सेन्सरमधले बिघाड मुद्दाम घालून बघायचा भाग तिला खरंच आवडला होता. तेवढंच लिहायचं. "तुमची टीम जगात सर्वोत्तम आहे" लिहिलं तर कोणीच विश्वास ठेवणार नाही. काही वाचलंच नसेल तर ही ओळ गाळा.

आणि सुधारणा सुचवू नका, पहिल्या मेलमध्ये अजिबात नको. रन सहा तासांवर आणला हे सांगितल्यावर हात शिवशिवतात की "तुमचाही आणून देते." त्यांचा रन लांब का आहे याची कारणं तुम्हाला ठाऊक नाहीत. कदाचित त्यांच्या ग्राहकाला प्रत्येक टेस्टपूर्वी बंद-चालू हवंच असेल.

मागणं आणि वेळ

"कधीही काही लागलं तर कळवा" हे मागणं नव्हे. एक छोटी, होय-नाही म्हणता येईल अशी गोष्ट मागा. भाचीने पंधरा मिनिटांची भेट मागितली, प्रत्येक ठिकाणच्या एकाशी. इथे घड्याळाचा हिशोब स्वतः करा, तो समोरच्यावर टाकू नका. जानेवारीत श्टुटगार्ट आपल्या साडेचार तास मागे असतं, मिशिगन साडेदहा तास मागे आणि नागोया साडेतीन तास पुढे. पुण्यातले संध्याकाळचे सात म्हणजे मिशिगनला सकाळचे साडेआठ आणि श्टुटगार्टला दुपारचे अडीच. ते जमतं. पण तेव्हा नागोयाला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणून त्यांना वेगळी वेळ, पुण्यातले सकाळचे दहा, म्हणजे तिकडचे दुपारचे दीड. मार्च ते नोव्हेंबरच्या दरम्यान जर्मनी आणि अमेरिकेची घड्याळं एक तास सरकतात, आणि दोघांची एकाच दिवशी सरकत नाहीत, तेव्हा हा हिशोब पुन्हा करा.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. 3/2 म्हणजे आपल्याला आणि जर्मनांना तीन फेब्रुवारी, अमेरिकनांना दोन मार्च.

घरचं एखादं वाक्य

शेवटी कामाबाहेरचं एक वाक्य असावं. अमेरिकेत ते अपेक्षित असतं, जपानी ओळखीतही छंदाचं एखादं वाक्य येतं, आणि जर्मनीत एकच असेल तर कोणाला खटकत नाही. भाची शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर जाते, ते लिहिलं. लग्न झालंय की नाही, वडील काय करतात, गाव कोणतं, धर्म-जात उघड करणारं काही, यातलं नको. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिथल्या वाचकाला त्यावर काय बोलावं ते कळत नाही.

शब्दांची चाळणी

पाठवण्यापूर्वी मेलमधून आपल्या इंग्रजीचे काही शब्द चाळून काढा. 'डाउट' हा पहिला. आपल्याला 'आय हॅव अ डाउट' म्हणजे एक प्रश्न आहे. मिशिगनच्या वाचकाला ते "तुमच्यावर माझा विश्वास नाही" असं ऐकू येतं. तिथे 'क्वेश्चन' लिहा. 'पासआउट' म्हणजे त्यांच्या लेखी बेशुद्ध पडणं; 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक', 'प्रीपोन' हेही काढा, ते चुकीचे म्हणून नव्हे, तर वाचक अडतो म्हणून. पुण्यातल्या चौघांना यातलं काहीच खटकणार नाही, आणि त्यामुळेच कोणी तुम्हाला सांगणारही नाही.

शेवटी गेलेला मेल

हे सगळं करून उरलेला मेल असा होता:

> विषय: ओळख: अमुक, ब्रेक टेस्टिंग, पुणे
>
> सर्वांना नमस्कार,
>
> मी अमुक. सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसातून ब्रेक कंट्रोलरच्या टेस्टिंगवर रुजू झाले आहे. मला नुसतं पहिलं नाव म्हटलं तरी चालेल. उच्चार असा आहे.
>
> गेली सहा वर्षं मी बेंचवरचं टेस्टिंग केलं. आधीच्या टीममध्ये रात्रीचा रन अकरा तासांचा होता. सारख्या स्थितीतून सुरू होणाऱ्या टेस्टचे गट मी केले आणि स्क्रिप्ट लिहिल्या, लॅबमधल्या सहकाऱ्याने रिले बदलला, आणि रन सहा तासांवर आला. निकाल तेच येतात हे तीन आठवडे ताडून पाहिलं.
>
> इथल्या बेंचवर मी अजून काम केलेलं नाही. या आठवड्यात त्याची प्रशिक्षणाची कागदपत्रं वाचते आहे. तुमच्या टेस्ट धोरणातला सेन्सरच्या बिघाडांचा भाग मी वाचला, त्यातून खूप कळलं.
>
> पुढच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणच्या एकाशी पंधरा मिनिटं बोलायला आवडेल. श्टुटगार्ट आणि मिशिगनसाठी पुण्यातले संध्याकाळचे सात, म्हणजे तिकडचे दुपारचे अडीच आणि सकाळचे साडेआठ, आणि नागोयासाठी पुण्यातले सकाळचे दहा, म्हणजे तिकडचे दुपारचे दीड, चालतील का? नसतील तर सोयीची वेळ कळवा.
>
> सुट्टीच्या दिवशी मी बहुतेक सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावर असते. तुमच्यासोबत काम करायची उत्सुकता आहे.

फोनवर हा मेल दोनदा सरकवून संपतो. त्याहून लांब झाला तर कापायला सुरुवात घरच्या वाक्यापासून नको, कामाच्या वर्णनापासून करा. तिथेच शब्द सांडलेले असतात.

मेल सगळ्यांना एकच गेला. चार देशांना चार वेगवेगळे मेल लिहिण्याच्या फंदात पडू नका. ते एकमेकांना दाखवतात. फक्त नागोयाच्या दोघांना तिने वेगळी दोन वाक्यं पाठवली, आडनाव आणि 'सान' लावून, ज्येष्ठ सहकाऱ्याचं नाव आधी ठेवून, आणि शेवटी 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' लिहून. आणि हेही खरं की देशावरून माणूस ओळखता येत नाही. मिशिगनचे दोघं म्हणजे एक जण तिथलाच, तर दुसरी चेन्नईहून गेलेली. तिला आपलं "सांभाळून घ्या" पूर्ण कळलं असतं. म्हणून पहिल्या उत्तरांनंतर माणसाकडे बघून लिहायला लागा.

उत्तरं कशी वाचायची

मिशिगनहून अर्ध्या तासात "ऑसम, वेलकम अबोर्ड!" आलं. भाची हरखली. मी तिला सांगितलं की हा तिथला नमस्कार आहे, कामाची पावती नव्हे. मात्र त्याने किल्ल्यांबद्दल विचारलं होतं, आणि त्या धाग्यावर पुढे बोलायला सोपं गेलं.

श्टुटगार्टहून दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. स्वागत वगैरे जेमतेम, आणि खाली प्रश्न: गट केल्यावर एका टेस्टचा बिघाड पुढच्या टेस्टमध्ये जाणार नाही, याची खात्री कशी केलीत? ती घाबरली, तिला तो आक्षेप वाटला. मला मात्र बाराही जणांतलं ते सर्वांत चांगलं उत्तर वाटलं. त्याने मेल नीट वाचला होता आणि कामाचा माणूस म्हणून तिच्याशी बोलत होता. अशा प्रश्नाला "थँक्यू, गुड क्वेश्चन" म्हणत बसू नका, सरळ उत्तर द्या. तिने लिहिलं की प्रत्येक गटानंतर बंद-चालू होतंच, गटाच्या आत प्रत्येक टेस्टनंतर नोंदवलेले फॉल्ट कोड वाचून पुसले जातात, आणि ज्या टेस्टमध्ये ते पुसले जात नाहीत त्या गटाबाहेर ठेवल्या. शेवटचं वाक्य लिहायचं की नाही यावर ती अडली होती, कारण त्यात तिच्या पद्धतीची मर्यादा होती. मी म्हटलं, तेच आधी लिही.

नागोयाहून तीन दिवस काहीच आलं नाही. अशा वेळी आठवणीचा मेल टाकायची घाई करू नका. तिथे उत्तर देण्याआधी आपापसात बोलून घेतलं जातं. चौथ्या दिवशी ज्येष्ठ सहकाऱ्याचा मेल आला, सकाळी दहाची वेळ चालेल म्हणून, सोबत त्यांच्या बेंचची तीन पानी टिपणं. आणि भेटीला एकाऐवजी दोघेही आले.